थांबायचे असेल, तर कार्टच्या बाहेर थांबा

तुम्ही विचारलंत म्हणून: “वस्तू कार्टमध्ये टाकून दोन दिवस थांबते, तरी शेवटी घेतेच. शिवाय काढून टाकलेल्या ॲपचे पैसे अजून कापले जातात. तुम्ही नेमकं काय करता?”

तुमची थांबण्याची जागा चुकते आहे, असे मला वाटते. कार्ट आपल्याला आपली वाटली तरी ती विकणाऱ्याच्या ताब्यात असते. वस्तू तिथे ठेवून आपण निघून गेलो की आठवण करून देणारी ईमेल येते, मग थोडेच नग शिल्लक असल्याचा निरोप येतो आणि कधीकधी छोटीशी सवलतही पुढे केली जाते. म्हणजे ज्या दोन दिवसांत इच्छा ओसरायला हवी, नेमके त्याच दिवसांत तिला खतपाणी मिळते. विशलिस्टचीही तीच गत.

म्हणून माझी यादी साध्या वहीत असते. तारीख, वस्तू आणि डिलिव्हरीसह एकूण किंमत लिहून झाली की त्याखाली सध्या त्या वस्तूवाचून काम कसे चालले आहे, हे एका ओळीत लिहायचे आणि ॲप बंद करायचे. खरे काम ही शेवटची ओळ करते. नवे हेडफोन घ्यावेसे वाटले तेव्हा मी लिहिले होते, “जुने चालतात, पण कानावरची उशी फाटली आहे, टोचते.” आठवड्याने ती नोंद वाचली तेव्हा कोणते मॉडेल घ्यावे हा प्रश्नच उरला नव्हता. उशांची जोडी सुटी मिळते, ती आणली आणि काम भागले. विकत घेण्याच्या भरात आपण वस्तूंची एकमेकींशी तुलना करत बसतो आणि आपली मूळ अडचण काय होती, हे बाजूला राहते.

लहान वस्तूला सात दिवस आणि मोठ्या वस्तूला पुढचा पगार होईपर्यंत, एवढी मुदत मी ठेवतो. पगार झाल्यावर वहीतल्या सगळ्या नोंदी एकत्र वाचल्या की त्या आपापसांतच भांडू लागतात. औषधे आणि घरात संपलेल्या रोजच्या वस्तू या नियमात येत नाहीत. तिथेही थांबायला लागलो तर नियम आठवडाभरात मोडेल. मुदतीत एखादी खरी सवलत हुकते, ती हुकू द्यावी. मात्र पानावर उलटे घड्याळ धावत असेल तर तेच पान ब्राउझरच्या खासगी विंडोमध्ये उघडून पाहावे. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, तर ती मुदत केवळ दाखवण्यापुरती आहे.

साइटवर जतन केलेले कार्डही काढून टाकावे. एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीवर ॲमेझॉनने १९९९मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवले होते. मधल्या दोन-चार पायऱ्या गाळण्याला विक्रेत्याच्या लेखी केवढे मोल आहे, ते यावरून दिसते. उठून पाकीट शोधावे लागणे ही आपल्या सोयीची अडचण आहे.

आता तुमच्या ॲपविषयी. ॲप काढल्याने फोनमधला प्रोग्राम जातो, करार जात नाही. तो स्टोअरच्या तुमच्या खात्यात किंवा त्या कंपनीच्या वेबसाइटवर नोंदलेला असतो आणि वेबसाइटवरून घेतलेली वर्गणी स्टोअरच्या यादीत सहसा दिसतही नाही. माझ्या एका सहकाऱ्याने फोटो संपादनाच्या ॲपची सात दिवसांची मोफत चाचणी एक तारखेला सुरू केली, तीन तारखेला ॲप काढून टाकले आणि आठ तारखेला पूर्ण वर्षाची रक्कम कापली गेली. अशी चाचणी मी सुरू करतो त्याच दिवशी रद्द करतो. बहुतेक ठिकाणी चाचणी संपेपर्यंत वापर चालूच राहतो. काही सेवा मात्र लगेच बंद होतात, म्हणून रद्द करतानाचा मजकूर वाचावा.

विसरलेल्या वर्गण्या शोधायच्या असतील, तर निदान तेरा महिन्यांचे स्टेटमेंट घ्या, कारण वर्षातून एकदाच जाणारी रक्कम दोन-तीन महिन्यांच्या उताऱ्यात सापडत नाही. त्यात पुष्कळदा ॲपचे नाव नसून मूळ कंपनीचे किंवा पैसे गोळा करणाऱ्या मध्यस्थाचे नाव असते. अशा वेळी तोच आकडा ईमेलमध्ये शोधला की पावती सापडते. कार्डाची मुदत संपली की वसुली आपोआप थांबेल, या भरवशावर राहू नका. कार्ड नेटवर्कच्या सेवांमार्फत नव्या कार्डाचा तपशील विक्रेत्यापर्यंत पोहोचू शकतो. वर्गणी ज्या मार्गाने घेतली त्याच मार्गाने रद्द करावी आणि तशी पोच देणारी ईमेल निदान वसुलीची पुढची तारीख उलटेपर्यंत जपून ठेवावी, कारण रक्कम पुन्हा कापली गेली तर परतावा मागताना पुरावा म्हणून तीच दाखवता येते.