नवीन मालकाच्या गाडीत जुन्या मालकाचं फोनबुक

सेकंड हँड गाडी नेऊन काही दिवसच झालेल्या गिऱ्हाइकाचा फोन आला की विषय बहुधा क्लचचा असतो, नाहीतर आरसी ट्रान्सफर कुठे अडकलंय याचा. हा फोन वेगळा होता. "नंबर माझ्या फोनमध्ये सेव्ह नाही, तरी गाडीच्या स्क्रीनवर नाव येतं. 'लोनवाला उचलू नये' असं लिहून येतंय. हे लिहिलं कोणी?"

गृहस्थ चांगलेच धास्तावले होते. गाडीत कोणीतरी हेरगिरीचं यंत्र बसवलंय अशी त्यांची खात्री झाली होती. गाडी परत यार्डात बोलावली. पुण्यातल्या आमच्या यार्डात आलेल्या गाड्यांची इलेक्ट्रिकल तपासणी माझ्याकडे असते, पण पुसायचं-धुवायचं आणि स्क्रीन 'क्लीन' करायचं काम डिलिव्हरीच्या मुलांकडे असतं. या गाडीच्या शीटवर 'ब्लूटूथ डिव्हाइस डिलीट' या ओळीपुढे बरोबरची खूण होती, आणि ती खोटी नव्हती. डिव्हाइसच्या यादीत फक्त नव्या मालकाचा फोन होता. जुन्याचा मागमूस नव्हता.

मग नाव आलं कुठून? फोन वाजतो तेव्हा तो गाडीला हँड्स-फ्रीच्या वाटेने साधारण एवढंच कळवतो:

```
+CLIP: "+9198XXXXXXXX",145
```

शेवटचा 145 हा आकडा सांगतो की नंबर देशाच्या कोडसकट आहे. नाव सहसा यात नसतंच. स्क्रीनवर नाव दिसतं ते गाडीतला स्टिरिओ हा नंबर स्वतःजवळच्या यादीत शोधतो म्हणून. आपल्याला वाटतं फोनने नाव सांगितलं, पण ते गाडीने शोधलेलं असतं. जुने आणि नवे मालक एकाच उपनगरातले, आणि कर्ज विकणारा तो माणूस दोघांनाही फोन करत होता. जुन्या मालकाने त्याला दिलेलं नाव नव्या मालकाच्या डोळ्यांसमोर झळकत होतं.

ही यादी गाडीत येते पेअरिंग करताना. फोनवर प्रश्न येतो की कॉन्टॅक्ट आणि कॉल हिस्टरी पाहू द्यायची का, आणि बहुतेक लोक न वाचता 'हो' म्हणतात. त्यानंतर फोनबुक अ‍ॅक्सेस प्रोफाइल नावाच्या ब्लूटूथच्या ठरलेल्या पद्धतीने गाडी फोनकडे या फायली मागते:

```
telecom/pb.vcf
telecom/ich.vcf
telecom/och.vcf
telecom/mch.vcf
```

पहिली म्हणजे अख्खं फोनबुक, पुढच्या तीन म्हणजे आलेले, केलेले आणि हुकलेले कॉल, तारीख-वेळेसकट. फोनबुकात नाव आणि नंबर तर असतातच, पण गाडीने मागितलं आणि फोनने दिलं तर ईमेल, पत्ता, फोटोसुद्धा येतात. हजार-दीड हजार नावं दर वेळी नव्याने ओढत बसायचं तर गाडी सुरू झाल्यावर बराच वेळ यादी रिकामीच दिसेल, म्हणून अनेक स्टिरिओ ती आपल्या फ्लॅश मेमरीत उतरवून ठेवतात. बॅटरीचं टर्मिनल काढून ठेवलं की सगळं जातं, असं सांगणारे मेकॅनिक अजून भेटतात. टर्मिनल काढल्याने घड्याळ जातं, कधी रेडिओची स्टेशनं जातात. फ्लॅशमधलं फोनबुक जात नाही, कारण फ्लॅशला टिकून राहायला वीज लागतच नाही.

नीट बनवलेल्या सिस्टिममध्ये प्रत्येक यादी त्या त्या फोनच्या ब्लूटूथ पत्त्याला बांधलेली असते. दुसरा फोन जोडला की पहिल्याची यादी दिसत नाही, आणि फोन डिलीट केला की त्याची यादीही जाते. या गाडीत मात्र बाहेरून बसवलेला अँड्रॉइड स्टिरिओ होता. आतल्या ब्लूटूथ अ‍ॅपमध्ये सगळ्यांना मिळून एकच यादी. नवा फोन जोडला, त्याने कॉन्टॅक्ट दिले, की जुनी यादी पुसून त्या जागी नवी बसते. त्यामुळे एरवी हा दोष कोणाच्या लक्षातच येत नाही. हे गृहस्थ सावध निघाले. पेअर करताना त्यांनी कॉन्टॅक्ट द्यायला नकार दिला. नवी यादी आलीच नाही, म्हणून जुनी जशीच्या तशी राहिली.

खात्री करायला त्यांच्या फोनचं ब्लूटूथ बंद केलं आणि स्टिरिओवर फोनबुक उघडलं. यादी तशीच. फोन जोडलेला नसताना जे दिसतं ते गाडीत साठलेलं आहे, एवढं त्यावरून पक्कं कळतं. नावं वाचायची नाहीत असं ठरवूनही दोन-चार दिसलीच. कोणत्या डॉक्टरकडे जातात, मुलाचा क्लास कुठे, घरात कामाला कोण, एवढं कळायला चार नावं पुरतात. कॉल हिस्टरी मात्र रिकामी होती. ती डिव्हाइससोबत पुसली गेली होती आणि फोनबुक नाही, म्हणजे बनवणाऱ्याने दोन्ही वेगवेगळ्या जागी ठेवून एकच पुसायची सोय केली. असं काम बघून वैताग येतो.

पुसायचं कसं, त्यात क्रमाला महत्त्व आहे. आधी घरातल्या सगळ्या फोनांचं ब्लूटूथ बंद करायचं. नुसता मालकाचाच नाही, बायकोचा, मुलाचासुद्धा. फोन जोडलेला असताना फक्त कॉन्टॅक्ट पुसले, तर थोड्याच वेळात, नाहीतर पुढच्या वेळी गाडी सुरू केल्यावर, यादी पुन्हा उतरते, आणि विकणाऱ्याला वाटतं की आपण पुसलंय. मग फेव्हरिट किंवा स्पीड डायल बघायचे, कारण काही सिस्टिममध्ये ते फोनबुकापासून वेगळे साठतात. मग नेव्हिगेशनमधले 'घर' आणि 'ऑफिस'. आणि सगळ्यात शेवटी फॅक्टरी रीसेट.

या रीसेटच्या नावातही गोंधळ असतो. काही स्क्रीनवर दोन वेगळे पर्याय असतात: एक फक्त आवाज, ब्राइटनेस वगैरे सेटिंग मूळपदाला नेणारा, दुसरा साठलेला डेटा पुसणारा. घाईत पहिला दाबला जातो, स्क्रीन बंद होऊन चालू होते, 'झालं' असं वाटतं. अँड्रॉइड स्टिरिओमध्ये हवा तो पर्याय बहुधा Settings, मग System, मग Reset options, आणि तिथे Erase all data (factory reset). किल्ली चालू ठेवायची, जमलं तर इंजिन सुरू ठेवायचं, आणि मध्ये बंद करायची नाही. रीसेट चालू असताना वीज गेली तर स्टिरिओ पुन्हा सुरूच न होण्याची भीती असते.

बाहेरून बसवलेल्या स्टिरिओत रीसेटनंतर स्टिअरिंगवरची बटणं पुन्हा शिकवावी लागू शकतात, मागच्या कॅमेऱ्याची सेटिंगही पुन्हा घालावी लागू शकते. या गाडीत बटणं गेली, ती परत बसवली. ही कटकट माहीत असल्यामुळेच मुलं रीसेट टाळतात आणि फक्त डिव्हाइस डिलीट करून शीटवर खूण करतात. मुलांना दोष देऊन उपयोग नाही. तासाला किती गाड्या काढल्या हेच वर विचारलं जातं.

रीसेटच्या आधी अजून एक गोष्ट या स्क्रीनवर सापडली. जुन्या मालकाने प्ले स्टोअरसाठी त्यात आपलं गूगल खातं घातलं होतं. ही ब्लूटूथपेक्षा वेगळी वाट आहे. खातं लॉगिन राहिलं आणि कॉन्टॅक्टचं सिंक चालू असलं, तर फोन मैलभर लांब असला तरी नेट मिळाल्यावर नवीन सेव्ह केलेला नंबरसुद्धा गाडीत उतरू शकतो. रीसेटने खातं जातं, पण गाडी हातची गेली असेल तर विकणाऱ्याला घरबसल्या एवढंच करता येतं: गूगल खात्यात Security मध्ये Your devices उघडायचं आणि त्या स्टिरिओला साइन आउट करायचं. ब्लूटूथने उतरलेल्या यादीला असा लांबून उपाय नाही.

मेसेजची गोष्ट या गाडीत नव्हती, कारण हा स्टिरिओ मेसेज मागतच नव्हता. कंपनीने बसवलेल्या अनेक सिस्टिम मागतात, मेसेज अ‍ॅक्सेस प्रोफाइलने. त्यात मुख्यतः एसएमएस येतात, म्हणजे आपल्याकडे बँकेचे आणि ओटीपीचे. आयफोनवर Settings मध्ये Bluetooth, गाडीच्या नावापुढचा i, आणि तिथे Show Notifications बंद केलं की मेसेज जात नाहीत. Sync Contacts हेही तिथेच. अँड्रॉइडवर गाडीच्या नावापुढच्या चक्रात कॉन्टॅक्ट आणि टेक्स्ट मेसेज यांची वेगळी बटणं असतात. ती बंद केल्याने पुढचं जाणं थांबतं, आधी उतरलेलं राहतंच. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्लेमध्ये स्क्रीनवर जे दिसतं ते फोनच दाखवत असतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण त्याच गाडीशी कॉलसाठी साधं ब्लूटूथ पेअरिंगही झालेलं असेल, तर फोनबुक त्या वाटेने गेलेलं असू शकतं.

अमेरिकेत मेसेज गाडीत उतरवून ठेवण्यावरून पाच कार कंपन्यांवर खटले झाले होते. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर 2023 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते फेटाळण्याचे निर्णय कायम ठेवले, कारण वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याला लागणारं नुकसान दाखवता आलं नाही. मेसेज उतरत नाहीत, असा काही तो निकाल नव्हता.

आणि फॅक्टरी रीसेटही शेवटचा शब्द नाही. डेटाबेसमधून ओळ 'डिलीट' झाली तरी फ्लॅशवर तिचे अवशेष राहू शकतात, आणि पोलीस तपासासाठी गाडीतून असा डेटा काढणारी खास साधनं बाजारात आहेत. साध्या खरेदीदाराकडे ती नसतात. त्याहून जवळचा धोका म्हणजे काढून टाकलेला स्टिरिओ. 2020 मध्ये टेस्लाचे बदललेले जुने स्क्रीन-युनिट ऑनलाइन विकत घेणाऱ्या एका संशोधकाला त्यात आधीच्या मालकांचा डेटा सापडला होता. म्हणून नवीन स्टिरिओ बसवताना जुना दुकानदाराला देण्याआधी, तो गाडीत चालू असतानाच रीसेट करून घ्यावा. वायरी काढल्यावर कोणी करत नाही.

रीसेट झाल्यावर तपासणीही या प्रकरणातूनच सुचली. दुसरा कुठलाही फोन जोडायचा, कॉन्टॅक्टला मुद्दाम 'नाही' म्हणायचं, आणि फोनबुक उघडायचं. रिकामं दिसलं पाहिजे. मग विकणाऱ्याच्या फोनबुकातल्या एखाद्या माणसाला त्या दुसऱ्या फोनवर कॉल करायला सांगायचं. स्क्रीनवर नुसता नंबर आला तर ठीक, नाव आलं तर यादी अजून आत आहे. या गाडीत त्या लोनवाल्याचाच फोन पुन्हा येईपर्यंत थांबावं लागलं नाही. गृहस्थांनी परत कॉल लावला, स्क्रीनवर दहा आकडे आले, आणि त्यांनी एजंटाला काही न बोलता फोन ठेवला.

जुन्या मालकाला कळवावं असं माझं म्हणणं होतं. मॅनेजरचं म्हणणं, पुसलंय ना, मग कशाला घाबरवायचं. मला ते पटलेलं नाही. ती यादी काही दिवस परक्या माणसाच्या डॅशबोर्डवर उघडी होती, आणि ज्यांची नावं त्यात होती त्यांनी तर कोणालाच परवानगी दिलेली नव्हती. शीटवर आता 'डिव्हाइस डिलीट' ही ओळ नाही. तिच्या जागी 'कॉन्टॅक्ट नाकारून दुसरा फोन जोडला, फोनबुक रिकामं' अशी ओळ आहे, आणि मुलं म्हणतात की यात प्रत्येक गाडीमागे फार वेळ जातो.