अकरा महिन्यांचा करार आणि तेहतीस महिन्यांचे दायित्व

रत्नागिरीतील मासळी प्रक्रिया करणाऱ्या एका कंपनीचे हिशेब मी पाहतो. आमची मूळ कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्यामुळे आम्हालाही भाडेकरारांचे लेखामानक इंड एएस ११६ पाळावे लागते. या मानकानुसार भाडेकराराचा कालावधी सुरुवातीच्या दिवशी १२ महिने किंवा त्याहून कमी असेल आणि मालमत्ता विकत घेण्याचा पर्याय नसेल, तर अल्पमुदतीची सूट मिळते, म्हणजे दायित्व न नोंदवता भाडे थेट खर्चात टाकता येते.

भाड्याच्या लॅपटॉपचे काम एका दुपारीत संपले. पंचवीस लॅपटॉप मिळून किंमत मोठी दिसते, पण कमी मूल्याच्या वस्तूंना मिळणारी तशीच दुसरी सूट प्रत्येक वस्तूच्या नव्या असतानाच्या किमतीवरून ठरते. मानकात रक्कम दिलेली नाही; आंतरराष्ट्रीय मानक मंडळाने ते तयार करताना सुमारे ५,००० डॉलरपर्यंतच्या वस्तू डोळ्यांसमोर ठेवल्या होत्या. शीतवाहन मात्र कितीही जुने असले तरी या सुटीत बसत नाही.

अडलो ते जेटीजवळच्या शीतगृहापाशी. लीव्ह अँड लायसन्सचा करार ११ महिन्यांचा, भाडे दरमहा ८०,००० रुपये, म्हणून मी निर्धास्तपणे सूट घेतली. लेखापरीक्षकांच्या कार्यालयातून तीन आठवडे फक्त ‘सूट लागू नाही’ एवढेच उत्तर येत राहिले. कारण कुणी लिहीत नव्हते, आणि त्या मौनाचा राग अजून गेलेला नाही. शेवटी मीच करारपत्र ओळीओळीने वाचले. त्यात, मालकाच्या संमतीविना, त्याच भाड्याने दोनदा नूतनीकरण करण्याचा हक्क आम्हाला होता, आणि त्या शेडमध्ये उष्णतारोधक पॅनेल व कंप्रेसर बसवण्यासाठी आम्ही १८ लाख रुपये घातले होते. एवढा खर्च करून अकराव्या महिन्यात कोण जागा सोडेल? नूतनीकरणाचा हक्क वापरला जाणार याची वाजवी खात्री असेल, तर ते महिनेही भाडेकराराच्या कालावधीत धरावे लागतात. म्हणून कालावधी ३३ महिने झाला, आणि वार्षिक ९ टक्के दराने, महिनाअखेरच्या भाड्याचे आजचे मूल्य सुमारे २३.३ लाख रुपये दायित्व म्हणून ताळेबंदात आले. नूतनीकरण दोघांच्या संमतीवर अवलंबून असते आणि दोघांपैकी कुणालाही नगण्य नुकसानीत बाहेर पडता आले असते, तर चित्र वेगळे असते. पण त्या नुकसानीत केवळ करारातील दंड मोजून चालत नाही, बसवलेले पॅनेल मागे सोडण्याची झळही मोजावी लागते.

बर्फाचे गोदाम मात्र ऑगस्ट ते मे अशा हंगामापुरते, नूतनीकरणाच्या कलमाविना घेतलेले होते. त्याला सूट मिळाली. आधी सांगायला हवे होते ते आता आठवले: अल्पमुदतीच्या सुटीची निवड मालमत्तेच्या वर्गानुसार करावी लागते, त्यामुळे एका गोदामाला सूट घेतली की त्या वर्गातील सर्व अल्पमुदतीच्या करारांना ती लागू होते, कमी मूल्याची निवड मात्र करारागणिक करता येते. आणि सूट घेतलेल्या भाड्याचा खर्चही टिपणांत वेगळा दाखवावा लागतो.