मासिक हप्ता गुणिले तीन म्हणजे तिमाही हप्ता नव्हे

माझा गणवेश शिवण्याचा व्यवसाय आहे. वर्षाचे बारा महिने मशिनं चालतात, पण पैसा मात्र शाळा सुरू व्हायच्या सुमाराला येतो. भरतकामाच्या मशिनसाठी 8,00,000 चं कर्ज काढायचं ठरलं, तेव्हा मला मुदतीची किंवा व्याजाची फारशी काळजी नव्हती. काळजी होती ती दर महिन्याच्या हप्त्याची. हंगामाच्या पहिल्या महिन्यात मी कापडाची खरेदी करते, त्यामुळे त्या महिन्यात खात्यातून 40,000 उलट बाहेर जातात. दुसऱ्या महिन्यात सगळा खर्च भागून 70,000 उरतात, तिसऱ्यात 1,80,000. तीन महिने मिळून 2,10,000 हा आकडा छान दिसतो, पण पहिल्या महिन्यात हप्ता लागला असता तर तो नक्की परत गेला असता. म्हणून मी तिमाही हप्ता मागितला.

दर वर्षाला 12 टक्के, व्याज दरमहा मुद्दलात मिळवणार, मुदत तीन वर्षं. मासिक हप्ता मला आधीच सांगितला होता: 26,571. मी घरी बसून त्याला तिनाने गुणलं, 79,713 हा आकडा वहीत लिहिला आणि निवांत झाले. आठवड्याने परतफेडीचं वेळापत्रक हातात आलं, त्यात प्रत्येक तिमाहीपुढे 80,514 लिहिलेलं. मी तणतणत गेले. कर्ज विभागातल्या बाईंनी शांतपणे कागद ओढला आणि विचारलं, "ताई, पहिल्या महिन्याचा हप्ता तुम्ही आम्हाला कधी देणार?" तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला. "मग मधले दोन महिने ते पैसे कोणाकडे?"

तिथे माझा पारा उतरला. पहिल्या महिन्याचे 26,571 दोन महिने उशिरा जातात, म्हणून त्यांच्यावर दोन महिन्यांचं व्याज चढून ते 27,106 होतात. दुसऱ्या महिन्याचे एक महिना उशिरा, म्हणून 26,837. तिसऱ्याचे वेळेवर, तेवढेच. तिन्हींची बेरीज 80,514. कोणी लबाडी केलेली नव्हती. तीन वर्षांत या सवलतीची किंमत सुमारे 9,600 पडत होती, आणि हप्ता परत जाण्याचा दंड व मनस्ताप धरला तर ती मला मान्य होती.

रात्री मुलाने संगणकावर तेच करून पाहिलं, तर त्याचं उत्तर 80,370 आलं. म्हणजे आता तिसराच आकडा! त्याने 12 टक्क्यांना चाराने भागून तिमाहीचा दर 3 टक्के धरला होता. व्याज तीन महिन्यांनी एकदाच मुद्दलात मिळवलं जात असेल तर तेच बरोबर. आमच्या कर्जात ते दरमहा मिळवलं जात होतं, म्हणून तिमाहीचा खरा दर 3.0301 टक्के. तो धरून स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र लिहिलं की 80,514 येतात:

```
=PMT(1.01^3-1, 12, -800000)
```

फरक हप्त्यामागे 144 चा, म्हणजे फार नाही, पण आकडे जुळत नसले की पहिली शंका इथे घ्यावी. "व्याज किती महिन्यांनी मुद्दलात मिळवता?" हा प्रश्न मी सहीच्या आधी विचारायला हवा होता.

आकडा पटला, तरी खरी अडचण पुढेच होती. माझ्या चार तिमाह्यांत खर्च भागून उरतात ते असे: हंगामात 2,10,000, त्यानंतर उधारी वसूल होते ती 1,15,000, मग कोरडी तिमाही 20,000 आणि पुन्हा तयारीची 55,000. वर्षाचे 4,00,000. हप्ते वर्षाला 3,22,056. बेरजेत सगळं बसतं. पण कोरड्या तिमाहीत 20,000 हातात आणि 80,514 भरायचे, म्हणजे हंगामातले पैसे सहा महिने हात न लावता ठेवायचे. दुसऱ्या तिमाहीच्या शेवटी माझ्याकडे एक लाख 64 हजार पडून असणार आणि कापडवाला रोज फोन करणार. मी स्वतःला ओळखते; ते पैसे कापडात गेले असते.

म्हणून मी असमान हप्ते मागितले: हंगामाच्या आणि त्यानंतरच्या वसुलीच्या तिमाहीला मोठा, उरलेल्या दोनांना 40,000. मोठा हप्ता किती हे एका सूत्रात सुटत नाही, निदान मला तरी सुटलं नाही. आम्ही बारा ओळींचा तक्ता केला. आधीची शिल्लक, त्यावर 3.0301 टक्के व्याज, हप्ता, नवी शिल्लक. लहान हप्ते पक्के ठेवून मोठा आकडा वरखाली करत गेलो, बाराव्या ओळीची शिल्लक शून्य येईपर्यंत. 1,18,680 ला ती शून्यावर आली. पहिली ओळ अशी: 8,00,000 वर व्याज 24,241, हप्ता गेला, शिल्लक 7,05,561. गंमत म्हणजे तीन वर्षांची एकूण परतफेड समान तिमाही हप्त्यांपेक्षा 14,000 ने कमी निघाली, कारण मोठी रक्कम दर वर्षी आधी जाते.

लहान हप्त्याला मात्र एक तळ आहे. मी हावरटपणे 20,000 म्हणून पाहिलं होतं, आणि परतफेड कोरड्या तिमाहीपासून सुरू झाली असती तर काय, तेही. पहिल्याच ओळीत व्याज 24,241 आणि हप्ता 20,000. म्हणजे भरूनही कर्ज 4,241 ने वाढलं. तक्त्यात शिल्लक एखाद्या ओळीत आधीच्यापेक्षा मोठी दिसली, तर तो हप्ता व्याजालाही पुरत नाही असं समजावं.

तारखेवरून शेवटची घासाघीस झाली. मशिन हंगामाच्या एक महिना आधी यायची होती, आणि त्यांची तिमाही कर्ज दिल्याच्या दिवसापासून मोजली जायची. म्हणजे पहिला मोठा हप्ता हंगामाच्या दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला, जेव्हा माझ्याकडे 70,000 मधून 40,000 वजा जाऊन फक्त 30,000 असणार. हप्त्याचा आकडा कितीही बरोबर असला तरी या तारखेला तो फसलाच असता. बाईंनी वाट काढली: पहिल्या महिन्याचं सुटं व्याज 8,000 लगेच भरा, मग तिमाही तिथून मोजू. मुद्दल 8,00,000 च राहिलं, तक्ता न बदलता जसाच्या तसा लागू झाला आणि हप्ता त्या 1,80,000 च्या मागोमाग आला.

मोठ्या हप्त्याची बोच मला दुसऱ्या वर्षी कळली. एका शाळेचं बिल बारा दिवस लांबलं. समान हप्ता असता तर 80,514 जमवायचे होते, इथे 1,18,680. व्याज म्हणून बारा दिवसांचे 468 च होतात, पण उशिराचा दंड वेगळा. तेव्हापासून कोरड्या तिमाहीत कमी पडणारे 20,000 आणि एका शाळेच्या बिलाएवढी रक्कम मी दुसऱ्या खात्यात ठेवते, ज्याचं चेकबुक मी घेतलेलंच नाही.