दहा वाजून वीस मिनिटं

काल लेक मैत्रिणींबरोबर मंडईकडचे गणपती बघायला गेली. वय सोळा. ठरलं होतं: मेट्रोने जायचं, मेट्रोनेच यायचं, दहाला घरात. वर मी लाइव्ह लोकेशनही मागून घेतलं.

नऊ बाराला तिचा ठिपका मंडईपाशी थांबला तो थांबलाच. फोन लागेना. पावणेदहापर्यंत मी दोन मैत्रिणींच्या आयांना फोन करून त्यांचाही जीव टांगणीला लावला.

दहा वीसला बाईसाहेब हजर! हातात कणीस. "आई, मी मेसेज केला होता ना!" केला होता खरा, नऊ चाळीसला. स्टेशनवर शिरायलाच रांग आहे, वीस मिनिटं उशीर होईल. त्या गर्दीत नेटवर्क बसलं होतं, मेसेजवर एकच टिक. ठिपका थांबला म्हणजे मुलगी अडकली असं नसतं, हे तेव्हा सुचायला हवं होतं. (सुचत नाही.)

रात्री दोघी बोललो. लोकेशन बंद. त्याऐवजी मेट्रोत बसण्याआधी साधा एसएमएस, कारण इंटरनेट नसलं तरी तो बऱ्याचदा जातो. चुकामूक झाली तर भेटायची जागा निघण्याआधीच ठरवायची. आणि कुठूनही "न्यायला ये" म्हणाली, तर त्या रात्री मी एकही प्रश्न विचारायचा नाही. हे शेवटचं मला जड जाणार आहे.

तिची अट एकच: "माझ्या मैत्रिणींच्या आयांना फोन करायचे नाहीत."

साडेदहापर्यंत थांबेन, म्हटलं. घासाघीस चालू आहे.