केसांच्या गोळीने दाखवलेला थायरॉइड

त्या ताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, वय ४७. तीन महिन्यांत दोनदा छातीत धडधड होते म्हणून मध्यरात्री इमर्जन्सीत गेल्या होत्या. दोन्ही वेळा ईसीजी नॉर्मल निघाला आणि "टेन्शन घेऊ नका" असं सांगून झोपेची गोळी देऊन घरी पाठवलं. हे वाक्य मला चीड आणतं. ईसीजी दहा सेकंदांचा असतो आणि धडधड तोवर ओसरलेली असते. त्या नॉर्मल कागदावरून इतकंच कळतं की त्या दहा सेकंदांत काही नव्हतं.

तिसऱ्यांदा मात्र रक्त तपासलं गेलं. थायरॉइडला चालवणारं टीएसएच ०.०५, म्हणजे फारच कमी, आणि थायरॉइडचं हार्मोन फ्री टी-फोर वाढलेलं. थायरॉइड जास्त चालतंय म्हणून कार्बिमाझोल लिहून दिलं होतं. पाकीट पर्समध्ये होतं, अजून फोडलेलं नव्हतं. "मॅडम, सुरू करण्याआधी एकदा तुम्हाला विचारावं म्हटलं."

रिपोर्ट बघून मीही मनात निदान करून टाकलं होतं. मग हात हातात घेतला आणि गोंधळले. तळवा थंड, कोरडा. नाडी ७६. हात पुढे करायला लावून बोटांवर कागद ठेवला, तो हलेना. गळ्याला गाठ नाही, वजन वर्षात चार किलो वाढलेलं. थायरॉइड इतका उसळलेला असता तर नाडी शांत बसल्यावर, अगदी झोपेतही वेगातच राहिली असती. यांचं तसं नव्हतं. झटका येई आणि जाई.

"धडधड कशी होते, टेबलावर बोटाने वाजवून दाखवा," मी म्हटलं. हे मी प्रत्येकाला करायला लावते. बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होऊन एकदम थांबणारी अतिवेगवान धडधड असेल तर हृदयातल्या विजेच्या वाटेत दोष असू शकतो. कसलाच ताल नसेल तर एट्रियल फिब्रिलेशनची शंका येते. ताईंचं बोट हळूहळू वेग घेत गेलं, ताल न चुकता, आणि तसंच हळूहळू उतरलं. चक्कर येऊन पडणं नाही, जिना चढताना त्रास नाही, घरात कुणाचा अचानक मृत्यू नाही. यातलं एक जरी असतं तरी मी त्यांना त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवलं असतं.

पाळी कधी बावीस दिवसांनी, कधी पन्नास. आणि रात्रीचा क्रम त्यांनीच सांगितला: "आधी छातीतून वर वाफ येते. मग धडधड. मग वाटतं, आता मी मरणार." भीती शेवटी येत होती. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन वर-खाली होतं, मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग हळवा होतो, जरा उष्णता वाढली की शरीर घाम आणि ठोके दोन्ही सोडतं.

पण मग तो रिपोर्ट? मी तिसऱ्यांदा विचारलं, "आणखी कुठली गोळी?" "औषध काहीच नाही हो. केसांची एक घेते, तेवढीच."

बायोटिन, १० मिलिग्रॅम, रोज. शरीराला लागतं ते ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. अनेक लॅबच्या यंत्रांत तपासणीचे कण पकडून ठेवायला बायोटिनचाच डिंकासारखा वापर होतो. रक्तात ते भरपूर असलं की ते डिंकाची जागा अडवतं. त्या पद्धतीत टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दिसतं. जास्त चालणाऱ्या थायरॉइडचं हुबेहूब चित्र! काही यंत्रांवर हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिन तपासणीही अशीच खोटं कमी दिसू शकतं, म्हणजे खरा हार्ट अटॅक निसटू शकतो. लॅबने रक्त घेताना एवढा एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

गोळी बंद केली, तीन दिवसांनी पुन्हा रक्त. टीएसएच २.१, टी-फोर नॉर्मल. हिमोग्लोबिन १२.४, तेही ठीक. दिवसरात्र ईसीजी नोंदवणारा होल्टर लावला, पहिल्या चोवीस तासांत काहीच सापडलं नाही. पुन्हा लावला. त्यांच्या वहीत नोंद होती: २:५०, वाफ. पट्टीवर त्याच मिनिटाला नाडी ७४ वरून चढत ११६, प्रत्येक ठोक्याआधी पी-लहर जागच्या जागी, म्हणजे ठोके नेहमीच्याच वाटेने, मग सावकाश उतार. ती पट्टी मी त्यांना दाखवली. त्या बराच वेळ तिच्यावर बोट फिरवत राहिल्या.

हार्मोनचा उपचार द्यायचा का, ते आता स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. कार्बिमाझोल मी परत करायला सांगितलं. क्वचित का होईना, त्याने पांढऱ्या पेशी धोकादायक घसरतात, आणि तेही नसलेल्या आजारासाठी.

पण दोन रात्री मी जुन्या फायली चाळते आहे. चाळिशी ओलांडलेल्या, धडधडीसाठी आलेल्या, टीएसएच कमी म्हणून मी स्वतः कार्बिमाझोल सुरू केलेल्या तिघी. दोघींच्या पुढच्या तपासण्या निदान पक्कं करतात. तिसरीच्या कागदावर केस गळण्याची तक्रार माझ्याच अक्षरात आहे, आणि त्यापुढे प्रश्न नाही. उद्या सकाळी तिला फोन करायचाय.