दोन खान्यांत बसलेले उत्तर

"सर, उत्तर दोन खान्यांत बसलं, म्हणजे बरोबरच असन ना?" आज आयओक्यूएम या गणित ऑलिम्पियाडच्या पात्रता परीक्षेच्या सरावात आमच्या यवतमाळकडच्या खेड्यातील नववीच्या मुलीने उत्तरपत्रिकेत ४८ चे गोळे रंगवून विचारले.

प्रश्न होता, ३ किंवा ५ ने भाग जाणाऱ्या दोन अंकी संख्या किती? तिने ३ ने भाग जाणाऱ्या ३० आणि ५ ने भाग जाणाऱ्या १८ संख्यांची बेरीज केली होती. या परीक्षेत पर्याय नसतात आणि उत्तर ०० ते ९९ मधलेच असते, त्यामुळे १४८ आले असते तर चूक लगेच कळली असती. ४८ मात्र निमूट बसते.

येथे उत्तर ३० ते ४८ यांच्या बाहेर जाऊच शकत नाही, आणि नेमके ४८ तेव्हाच येईल, जेव्हा दोन्हींनी भाग जाणारी एकही संख्या नसेल. "मग १५?" एवढे विचारताच तिने अशा ६ संख्या वजा करून ४२ काढले.

४१ आले असते, तर ते या मर्यादांतूनही निसटले असते. तसे उत्तर तुम्ही कसे पकडता?