‘खूप छान’ लिहिलेले ३८ कागद

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्या केंद्रातल्या ४२ शिक्षकांसाठी अपूर्णांकांवर दिवसभराची कार्यशाळा झाली. मी केंद्रप्रमुख, त्यामुळे आयोजन माझ्याकडे होतं आणि मार्गदर्शक सरांना अभिप्राय कळवायचं कामही माझ्याचकडे. सर शेजारच्या तालुक्यातले, चौथी-पाचवीला वर्षानुवर्षं गणित शिकवलेले. आठवड्याभरात ते हीच कार्यशाळा दुसऱ्या केंद्रात घेणार होते. त्यामुळे अभिप्राय त्याआधी पोचायला हवा होता आणि त्यांना काही बदलता येईल असा हवा होता.

रात्री घरी फॉर्म काढून बसले. ४२ पैकी ३८ जणांनी पाचपैकी चार किंवा पाच गुण दिले होते आणि खाली ‘खूप छान’, ‘उपयुक्त माहिती मिळाली’ असं लिहिलं होतं. यातून सरांना काय सांगणार? फॉर्मही आम्ही प्रमाणपत्रांच्या टेबलावर ठेवले होते, वर नावाचा रकाना, आणि बाहेर साडेचारची एसटी लागलेली. घाईत असलेला माणूस नावासकट आणखी काय लिहील?

माझ्याकडे दुसरी एक गोष्ट होती. दिवसभर मागच्या रांगेत बसून मी वहीत तीन रकाने भरले होते: वेळ, सर काय करतात, समोरचे काय करतात. ‘कंटाळले’, ‘रंगले’ असे शब्द मी मुद्दाम टाळले. ‘११.२०, सर फळ्यावर समच्छेद करतात, मागच्या दोन रांगांत सात जण मोबाइलवर’, इतकंच. ही वही नसती, तर मीही सरांना ‘खूप छान’च म्हटलं असतं.

वही वाचताना एका नोंदीपाशी थांबले. वेळ ११.३५. सरांनी फळ्यावर दोन भाकऱ्या काढल्या, प्रत्येकीचे चार भाग केले आणि दोन्हींमधले तीन-तीन भाग रंगवले. ३/४ अधिक ३/४. मागून एक बाई हळू आवाजात म्हणाल्या, “सर, माझी मुलं इथे ६/८ म्हणतात.” सर म्हणाले, “ते पुढे बघू,” आणि बेरजेची रीत सांगायला लागले. ते पुढे आलंच नाही.

मला वाटतं, अख्ख्या दिवसातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तोच होता. मुलाला समोर आठ तुकडे दिसतात, त्यातले सहा रंगवलेले दिसतात, म्हणून ते ६/८ म्हणतं. चूक बेरजेची नाही. ‘एक पूर्ण’ म्हणजे एकच भाकरी, हे चित्रातून निसटतं आणि दोन्ही भाकऱ्या मिळून मुलाच्या मनात एक पूर्ण होतात. म्हणजे आशय बरोबर होता, पण निवडलेलं उदाहरण त्याच जागी दगा देत होतं. सरांनी दुपारी वापरलेल्या कागदी पट्ट्यांवर हा घोळ होत नाही. एक पट्टी म्हणजे एक पूर्ण. तिच्याखाली पाऊण पट्टी ठेवली आणि तिला जोडून दुसरी पाऊण पट्टी ठेवली, की टोक पहिल्या पट्टीच्या पलीकडे अर्धी पट्टी जातं. उत्तर एकापेक्षा मोठं आहे हे डोळ्यांना दिसतं, मग ६/८ कसं येईल? शिवाय पाऊण किलो नि पाऊण किलो मिळून दीड किलो, हे बाजारात आईसोबत जाणाऱ्या मुलाच्या कानावर असतंच. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द दिवसभरात सरांच्या तोंडी एकदाही आले नव्हते.

गतीचा हिशोबही वहीत होता. सकाळी ११ ते १२.४० सर एकटे बोलत होते. पट्ट्या कापायची कृती जेवणानंतर आली आणि तिला १५ मिनिटं मिळाली. पट्ट्या कापण्यातच दहा गेली, त्या मांडून बोलायला पाच उरली. सहभागाचं म्हणाल तर ४२ पैकी नऊ जण बोलले आणि त्यातले सहा पहिल्या दोन रांगांतले. सर “समजलं का?” असं सारखं विचारत होते, पण विचारल्यावर एका सेकंदात पुढे जात होते. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गात नेमकं हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी एखादं सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. डीएडला वाचलेलं हे माझ्यासमोर शिक्षकांवरच घडत होतं.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंना आणि मागच्या रांगेतल्या आणखी तिघांना मी फोन केला. ‘कार्यशाळा कशी वाटली?’ असं न विचारता, ‘उद्या वर्गात यातलं काय कराल?’ आणि ‘धागा कुठे सुटला?’ एवढंच विचारलं. तिघांनी पट्ट्या सांगितल्या. धागा सुटला तो चौघांचाही समच्छेदापाशी, म्हणजे सव्वाअकराच्या पुढे. माझ्या वहीतले मोबाइल तिथेच बाहेर आले होते.

मग सरांना भेटायला गेले. फोनवर हे सांगणं मला बरं वाटेना. सुरुवात पट्ट्यांपासून केली: “सर, चारातल्या तिघांनी वर्गात पट्ट्या करणार म्हणून सांगितलं.” सरांचा चेहरा खुलला. मग ११.३५ची नोंद जशीच्या तशी वाचून दाखवली. ‘तुम्ही प्रश्न टाळलात’ असं म्हणाले नाही. बाईंचं वाक्य आणि त्यांचं उत्तर, बस. सर थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, “मॅडम, मला ते ऐकू आलं होतं. पण घड्याळ बघितलं. तुमचं उद्घाटन ४० मिनिटं चाललं.”

बरोबर होतं त्यांचं. १०.२०ला सुरू होणारं सत्र ११ला सुरू झालं ते सत्कार आणि मनोगतांमुळे, आणि ती यादी मी केली होती. तिथेच मी कागदावर मध्ये रेघ मारली. डावीकडे सरांच्या हातातलं, उजवीकडे आयोजकांच्या हातातलं. उजवीकडे उद्घाटन आलं, फॉर्मची जागा आली आणि पट्ट्या आधी कापून न ठेवणंही आलं. डावीकडे बरंच सुचत होतं, पण आठवड्याभरात माणूस सगळं बदलू शकत नाही म्हणून दोनच गोष्टी ठेवल्या: पट्ट्या सकाळी घ्याव्यात आणि ३/४ अधिक ३/४ भाकरीवर नको, पट्टीवर घ्यावं. तीन सेकंद थांबायचं मी बोलता बोलता सांगितलं, कागदावर लिहिलं नाही.

एक गोष्ट सरांना पटली नाही. भाकरी सोडू नका, म्हणाले, अर्धा आणि पाव मुलांना भाकरीवरच कळतो. त्यावर मी वाद घातला नाही, कारण तिसरी-चौथीला तेच खरं आहे.

शेजारच्या केंद्रप्रमुखांना मी उजवी बाजू पाठवली. त्यांनी उद्घाटन दहा मिनिटांत उरकलं, पट्ट्या आदल्या दिवशी कापून ठेवल्या आणि फॉर्म नावाशिवाय, प्रमाणपत्रांआधी, बसल्या जागी भरून घेतले. मीही तिथे मागच्या रांगेत वही घेऊन बसले होते. ११.१०ला सरांनी भाकऱ्या काढल्या, सहा भाग रंगवले आणि विचारलं, “इथे तुमची मुलं काय उत्तर देतात?” मग खडू खाली ठेवला आणि थांबले. मी मनात मोजत होते. पाचव्या सेकंदाला शेवटच्या रांगेतले एक गुरुजी उभे राहिले.